भाग ७ : ‘जास्त कुठे आहेत?’ – पियाजेच्या चार अवस्था आणि आपण विचारलेला प्रश्न

मागच्या भागात आपण वाढ आणि विकास यांतला फरक पाहिला. आज मुलांच्या विचाराबद्दल बोलू.

डी.एल.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या आणि टीईटी, सीटीईटीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत एक तक्ता असतो. तो तुम्हाला पाठही असेल. जन्म ते २ वर्षे संवेदन-कारक अवस्था, २ ते ७ पूर्वक्रियात्मक, ७ ते ११ मूर्त क्रियात्मक आणि ११ च्या पुढे औपचारिक क्रियात्मक. परीक्षेत एक बाजू देतात, दुसरी जुळवायला सांगतात. आपण जुळवतो, गुण मिळतात आणि वही बंद होते.

मलाही हा तक्ता असाच पाठ होता. त्याच्याच जोरावर मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एक चूक केली. ती आधी सांगते, कारण आजचा सगळा विषय त्या चुकीत आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी शाळेत माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. प्रशिक्षणात शिकलेला प्रयोग करून पाहण्याची मला हौस होती. मी एकेका मुलाला टेबलाजवळ बोलावून चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडत असे. दोन्ही ओळींत सहा-सहा चिंचोके, समोरासमोर. ‘दोन्हीकडे सारखेच आहेत ना?’ असं विचारायचं. मूल हो म्हणालं की त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरून लांब करायची आणि पुन्हा विचारायचं, ‘आता सारखेच आहेत, की एकीकडे जास्त आहेत?’

सहा वर्षांची एक मुलगी होती. तिने लांब ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘बाई, ह्यात जास्त.’ मी वहीत लिहिलं, ‘संख्येची अक्षय्यता नाही. पूर्वक्रियात्मक.’ तक्त्याप्रमाणे सहा वर्षं म्हणजे पूर्वक्रियात्मक, उत्तरही तसंच आलं, मग शंका कशाला घ्यायची? त्या नोंदीवरून मी वर्गाचे गट केले. बाकीची मुलं बेरजेकडे वळली आणि ही मुलगी आणखी चार जण घेऊन जोड्या लावत, रंग भरत बसली. पहिलं सत्र असंच गेलं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीबरोबर चिंचोके खेळत होती. वाटणी झाली, तशी मैत्रिणीने आपला वाटा पायरीवर ऐसपैस पसरला आणि म्हणाली, ‘बघ, माझे जास्त!’ आमची ही मुलगी फणकाऱ्याने म्हणाली, ‘अगं, पसरलेस म्हणून वाढले का? दोघींना आठ-आठच आलेत.’

मी दारात उभी होते. टेबलाजवळ जे तिला ‘येत नव्हतं’ ते पायरीवर येत होतं. मग माझ्या टेबलाशी काय चुकलं होतं? ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

चुकीच्या उत्तरांपासून झालेली सुरुवात

ज्याँ पियाजे यांचा जन्म १८९६ साली स्वित्झर्लंडमधल्या नशातेल गावी झाला. त्यांचं शिक्षण जीवशास्त्राचं, आणि तरुणपणी ते गोगलगायींवर अभ्यास करत. पुढे ते पॅरिसला गेले. तिथे बुद्धिमापन चाचणीच्या इतिहासातलं मोठं नाव असलेल्या बिने यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांच्याकडे त्यांना एक काम मिळालं. शाळकरी मुलांना तर्काचे ठरावीक प्रश्न विचारायचे आणि किती मुलांना कोणत्या वयात बरोबर उत्तर येतं ते नोंदवायचं. म्हणजे बरोबर-चूक अशा खुणा करण्याचंच काम.

पियाजेंना त्यातल्या चुकांचं कुतूहल वाटलं. एकाच वयाची मुलं एकाच पद्धतीने चुकत होती. उत्तर अंदाजाने ठोकून दिलं असतं तर चुका वेगवेगळ्या झाल्या असत्या. चुका सारख्या, म्हणजे त्यांच्यामागे विचार करण्याची एक ठरावीक रीत आहे, आणि ती मोठ्यांच्या रीतीहून वेगळी आहे. मग ते चाचणीचा ठरलेला प्रश्न सोडून मुलांशी गप्पा मारू लागले. ‘तुला असं का वाटतं?’ ‘दुसरा एक मुलगा म्हणाला की तसं नाही, मग?’ या पद्धतीला पुढे चिकित्सक मुलाखत असं नाव मिळालं.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. पियाजेंच्या दृष्टीने मुलाची अवस्था त्याच्या उत्तरापेक्षा त्याने दिलेल्या कारणातून कळते. मी वहीत उत्तर लिहिलं होतं. ‘का?’ हे मी विचारलंच नव्हतं.

पहिली अवस्था : हात हेच डोकं

पहिल्या दोन वर्षांत मूल शब्दांनी किंवा चित्रांनी विचार करत नाही. ते पाहतं, पकडतं, चोखतं, आपटतं, आणि तेच त्याचं विचार करणं असतं. म्हणून ही संवेदन-कारक अवस्था. ‘संवेदन’ म्हणजे इंद्रियांनी घेणं आणि ‘कारक’ म्हणजे हालचाल करणं.

पियाजेंनी आपल्या तीन मुलांची बारकाईने नोंद ठेवली. त्यातला ल्युसिएन या मुलीचा प्रसंग मला फार आवडतो. ती १ वर्ष ४ महिन्यांची होती. वडिलांनी काडेपेटीत एक साखळी ठेवली आणि पेटी जवळजवळ बंद केली, अगदी बारीक फट ठेवून. ल्युसिएनने फटीत बोट घालून पाहिलं, साखळी निघेना. मग ती थांबली. फटीकडे पाहत तिने स्वतःचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा आणखी मोठं उघडलं. त्यानंतर सरळ फटीत बोट घालून तिने पेटी ओढून उघडली आणि साखळी काढली.

‘फट मोठी करायला हवी’ हा विचार करायला तिच्याकडे शब्द नव्हते. तो विचार तिने तोंडाने केला. हालचाल आता प्रत्यक्ष वस्तूवर न होता वस्तूच्या जागी होऊ लागली होती. इथून पुढे प्रतीकांचं जग सुरू होतं.

याच अवस्थेत वस्तुस्थायित्व येतं, म्हणजे नजरेआड झालेली वस्तू तरीही असते हे कळतं. पाच महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा रुमालाखाली झाकला तर ते शोधत नाही. आठ-नऊ महिन्यांचं बाळ रुमाल ओढतं. पण गंमत पाहा. तोच खुळखुळा दोन-तीनदा डाव्या रुमालाखाली लपवा, बाळाला काढू द्या आणि मग त्याच्यासमोरच उजव्या रुमालाखाली लपवा. या वयातलं बाळ बहुधा डावीकडेच शोधतं. ‘खुळखुळा कुठे आहे’ हे अजून ‘मी मघाशी काय केलं तेव्हा मिळाला’ याच्याशी बांधलेलं असतं.

१९८५ मध्ये रेने बायार्जाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पाच महिन्यांची बाळंसुद्धा झाकलेल्या वस्तूतून फळी आरपार गेल्यासारखी दिसली की त्या दृश्याकडे जास्त वेळ पाहत राहतात, म्हणजे त्यांना त्यात काहीतरी विपरीत जाणवत असावं. बाळ शोधत नाही याचा अर्थ त्याला काहीच कळत नाही, असा लावता येत नाही. आपण ज्या रीतीने विचारतो ती बदलली की मुलाची समज वेगळी दिसते. हे सूत्र आज पुन्हा येणार आहे.

दुसरी अवस्था : प्रतीक आलं, पण डोळा एकाच गोष्टीवर

साधारण दोन वर्षांनंतर मूल एका वस्तूला दुसरी समजून खेळू लागतं. काडेपेटीची गाडी होते, लाटणं मोबाइल होतं. भाषा झपाट्याने वाढते. पण मनातल्या मनात एखादी कृती करून पाहणं आणि ती उलट फिरवणं अजून जमत नाही. पियाजे अशा उलट फिरवता येणाऱ्या मनातल्या कृतीला ‘क्रिया’ म्हणतात. मराठी पुस्तकांत कुठे ‘संक्रिया’ असंही लिहितात. ती अजून यायची आहे म्हणून ही ‘पूर्वक्रियात्मक’ अवस्था. हा शब्द पाठ करण्यापेक्षा त्याचा अर्थ धरला की तक्ता आपोआप लागतो.

आता प्रयोग करू. व्हिडिओत मी हा टेबलावर करून दाखवला होता. तुम्ही घरी करा, साडेतीन-चार वर्षांचं एखादं मूल शेजारी असेलच.

सारख्या आकाराचे दोन काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत सारखंच पाणी ओता. मुलालाच विचारा, ‘सारखं आहे का?’ ते नाही म्हणालं तर थेंबभर इकडे-तिकडे करा आणि त्याच्या तोंडून ‘सारखं’ येऊ द्या. ही पायरी चुकवायची नाही, कारण सुरुवातच मुलाला मान्य नसेल तर पुढच्या उत्तराला अर्थ राहत नाही. मग एका ग्लासातलं पाणी उंच, अरुंद बाटलीत ओता आणि विचारा, ‘आता दोघांना प्यायला सारखं मिळेल का?’

चार वर्षांचं मूल बहुतेक वेळा बाटलीकडे बोट दाखवतं. ‘का रे?’ म्हटलं की म्हणतं, ‘हे बघ, इथपर्यंत आलंय.’ त्याचं लक्ष उंचीने खेचून घेतलेलं असतं. बाटली अरुंद आहे हे त्याला दिसतं, पण उंची आणि रुंदी या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरून एकीची दुसरीशी भरपाई करणं त्याला जमत नाही. पाणी पुन्हा ग्लासात ओता. ते लगेच म्हणेल, ‘आता सारखं!’ आपण मध्ये काहीतरी विसंगत बोललो असं त्याला वाटत नाही.

रूप बदललं तरी प्रमाण तेच राहतं, या समजेला अक्षय्यता म्हणतात. काही पुस्तकांत ‘संधारण’ शब्द असतो. दोन्ही एकच.

माझ्या टेबलाशी काय चुकलं

आता चिंचोक्यांकडे येऊ. ती मुलगी चार नव्हे, सहा वर्षांची होती. उंबरठ्यावरचं वय. अशा वेळी प्रश्न कसा विचारला यावर उत्तर फिरतं.

मी एकच प्रश्न दोनदा विचारला होता, ओळ पसरण्याआधी आणि नंतर. आता तुम्ही पहिलीतलं मूल व्हा. बाईंनी विचारलं, ‘सारखे आहेत ना?’ तुम्ही म्हणालात, ‘हो.’ मग बाईंनी मुद्दाम काहीतरी हलवलं आणि तोच प्रश्न परत विचारला. वर्गात बाई तोच प्रश्न परत कधी विचारतात? पहिलं उत्तर चुकलं असेल तेव्हा! मूल विचार करतं, बाईंना आता वेगळं उत्तर हवंय. सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी १९७४ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी काही मुलांना आधीचा प्रश्न विचारलाच नाही, बदल केल्यानंतर एकदाच विचारलं. सहा वर्षांच्या मुलांच्या चुका त्यामुळे कमी झाल्या.

दुसरी गोष्ट, बाईंनी स्वतःच्या हाताने, मुलाकडे बघत ओळ लांब केली. म्हणजे लांबी महत्त्वाची असणार. याच सुमारास एडिंबरामध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एक मजेदार बदल केला. चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांसमोर ओळी मांडल्या. पण ओळ मोठ्या माणसाने हलवण्याऐवजी खोक्यातून एक खोडकर अस्वल, म्हणजे खेळण्यातला टेडी, बाहेर यायचा आणि ओळ विस्कटून टाकायचा. नेहमीच्या पद्धतीत ८० पैकी १३ वेळा मुलांनी ‘सारखेच’ म्हटलं होतं. टेडीने विस्कटल्यावर ८० पैकी ५० वेळा.

हे वाचून काही जण म्हणतात, ‘म्हणजे पियाजे खोटे ठरले.’ तसं नाही. नंतरच्या संशोधकांनी टेडीला ओळीतून एखादी वस्तू खरोखर काढायला किंवा घालायला लावली, तेव्हाही बरीच मुलं ‘सारखेच’ म्हणाली. म्हणजे काही मुलं टेडीच्या खोडीत इतकी गुंगली की ओळीकडे त्यांनी पाहिलंच नसावं. पियाजेंचा प्रयोग मुलाची समज कमी दाखवू शकतो आणि टेडीचा प्रयोग ती जास्त दाखवू शकतो. मग ठरवायचं कसं? पुन्हा तेच. उत्तरावर थांबायचं नाही, कारण विचारायचं.

तिसरी अडचण आपल्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर शिकवतात त्यांना रोज भेटते. मूल शाळेत मराठी बोलतं, घरी कन्नड, तेलुगू, गुजराती किंवा हिंदी. ‘जास्त’, ‘मोठं’, ‘लांब’ हे शब्द त्याच्या मनात अजून वेगळे झाले आहेत का? लांब ओळीला ते ‘जास्त’ म्हणालं, ते संख्येबद्दल की लांबीबद्दल? हे तपासायला शब्द बदला. ‘चिंचोके’ऐवजी दोन बाहुल्या ठेवा आणि विचारा, ‘एकेक चिंचोका एकेक चॉकलेट समज. दोघींना सारखी चॉकलेटं मिळाली की एकीला कमी?’ शक्य असेल तर हाच प्रश्न त्याच्या घरच्या भाषेत विचारा. उत्तर बदललं तर अडचण संख्येत नव्हती, शब्दात होती.

पायरीवरचा प्रसंग पाहिल्यावर दोन दिवसांनी मी त्या मुलीला पुन्हा बोलावलं. या वेळी तिलाच चिंचोके वाटायला दिले. तिने तिला सात आणि मला सात दिले. माझ्या हातून माझे चिंचोके ‘चुकून’ पसरले. मी एकदाच विचारलं, ‘आता कसं?’ ती म्हणाली, ‘सारखेच.’ ‘का गं?’ ‘तुम्ही पसरलेत. परत गोळा करा, माझ्याएवढेच होतील.’ मग मी थोडं डिवचलं, ‘मघाशी एक मुलगा म्हणाला, लांब ओळीत जास्त असतात.’ ती हसली, ‘त्याने मोजले नसतील.’

त्या दिवशी मी वहीतली जुनी नोंद खोडली. पण वाया गेलेलं सत्र खोडता आलं नाही. बेरजेत ती मागे पडली होती ती तिच्या विचारामुळे नाही, माझ्या प्रश्नामुळे.

तिसरी अवस्था : ‘का?’ची तीन उत्तरं

‘परत गोळा करा, माझ्याएवढेच होतील’ हे वाक्य तिसऱ्या अवस्थेचं दार आहे. मूर्त क्रियात्मक अवस्थेतलं मूल अक्षय्यतेचं कारण साधारण तीन तऱ्हांनी देतं. एक, ‘काही घातलं नाही, काही काढलं नाही, म्हणून तेवढंच.’ दोन, ‘लांब झालं, पण मधे मोकळी जागा पण वाढली.’ तीन, ‘परत पहिल्यासारखं करता येतं.’ हे तिसरं म्हणजे कृती मनात उलट फिरवणं, प्रत्यावर्तन. यांतलं कुठलंही एक कारण मूल आपणहून देत असेल आणि डिवचल्यावरही त्याला धरून राहत असेल, तर ती समज पक्की आहे. उत्तर बरोबर पण कारण ‘असंच’, किंवा डिवचताच उत्तर बदललं, तर मूल अजून वाटेवर आहे.

इथे तक्ता आणखी एका ठिकाणी फसवतो. मूल सातव्या वर्षी एका रात्रीत ‘मूर्त क्रियात्मक’ होत नाही. पियाजेंनीच नोंदवलं आहे की संख्येची अक्षय्यता साधारण सहा-सातव्या वर्षी, मातीच्या गोळ्याच्या प्रमाणाची सात-आठव्या, वजनाची नऊ-दहाव्या आणि आकारमानाची अकराव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास येते. म्हणजे तिसरीतलं एक मूल चिंचोक्यांबद्दल ठाम असतं आणि तेच मूल गोळ्याची पोळी केल्यावर ‘आता हलका झाला’ असं म्हणतं. ते एकाच वेळी दोन घरांत उभं असतं. त्याला एका घरात कोंबायची घाई आपण करतो.

शिवाय अनुभवानेही फरक पडतो. मेक्सिकोत १९६९ च्या एका अभ्यासात कुंभारकाम करणाऱ्या घरांतल्या मुलांना मातीच्या प्रमाणाची अक्षय्यता इतर मुलांपेक्षा चांगली समजलेली दिसली. रोज तोच गोळा थापून, वळून, पुन्हा गोळा करणाऱ्या हातांना ते कळलं होतं. तुमच्या वर्गात भाजीच्या गाडीवर बसणारं, दुधाचं माप घालणारं मूल असेल तर त्याची समज आधी तिथे शोधा.

या अवस्थेची मर्यादा ‘मूर्त’ या शब्दात आहे. हातात, डोळ्यांसमोर किंवा अनुभवात असलेल्या गोष्टींवर हे मूल छान तर्क करतं. तीन काड्या दाखवून अ पेक्षा ब लांब, ब पेक्षा क लांब असं दिलं तर अ आणि क ची तुलना करतं. पण ‘समजा, सगळी मांजरं भुंकतात. मनी मांजर आहे. तर मनी काय करते?’ असं विचारलं की अनेकदा ऐकायला मिळतं, ‘बाई, मांजर कुठं भुंकतं?’ गृहीतक खोटं आहे हे माहीत असूनही ते धरून पुढे जाणं अजून अवघड असतं.

चौथी अवस्था : एका वेळी एकच बदल

हे ‘समजा’ जमणं म्हणजे औपचारिक क्रियात्मक अवस्था. ती पाहायला पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी वापरलेला लंबकाचा प्रयोग फार सोपा आहे. दोरा, एक लहान नट, एक मोठा नट आणि घड्याळ एवढंच लागतं. प्रश्न असा : लंबक हळू किंवा भरभर झुलतो तो कशामुळे? दोऱ्याच्या लांबीमुळे, वजनामुळे, किती उंचावरून सोडला त्यामुळे, की किती जोरात ढकलला त्यामुळे?

पाचवीतल्या मुलाकडे देऊन बघा. ते उत्साहाने सुरू करतं. लांब दोऱ्याला मोठा नट बांधून झुलवतं, मग आखूड दोऱ्याला लहान नट. दुसरा भरभर झुलतो. ते जाहीर करतं, ‘हलका असला की भरभर!’ त्याचं निरीक्षण खरं आहे, पण त्याने दोन गोष्टी एकदम बदलल्या. वजनामुळे की लांबीमुळे हे त्यातून कळूच शकत नाही, आणि हे त्याच्या लक्षात येत नाही.

आठवी-नववीतलं एखादं मूल सुरुवातीलाच थांबतं. ‘चार गोष्टी आहेत. आधी दोरा तेवढाच ठेवून नुसतं वजन बदलते.’ ती १ मीटर दोरा घेते, मोजताना नटाच्या मध्यापर्यंत मोजते, थोडासाच बाजूला ओढून सोडते आणि दहा झोके मोजते. जाऊन परत आला की एक झोका. सुमारे २० सेकंद लागतात. मोठा नट बांधते, तरी सुमारे २०. वजन सुटलं. मग तोच नट ठेवून दोरा २५ सेंटीमीटर करते. दहा झोके सुमारे १० सेकंदांत होतात. दोरा पाव केला, वेळ निम्मा झाला. सोडण्याची उंची थोडी बदलली तरी फरक जाणवत नाही. राहिली ती लांबी.

बरोबर उत्तर ‘लांबी’ हे दोघांनाही पुस्तकातून पाठ करता येईल. पण प्रयोग करण्याआधीच सगळ्या शक्यता मांडणं आणि बाकीच्या तशाच ठेवून एकच बदलणं, ही त्या मुलीच्या विचाराची रीत आहे. ते औपचारिक तर्क.

आणि ‘११ वर्षे आणि पुढे’ हा आकडासुद्धा जपून वापरा. पियाजेंनी स्वतः १९७२ मध्ये लिहिलं की ही अवस्था सगळ्यांना एकाच वयात येईल असं नाही. ती कदाचित १५ ते २० च्या दरम्यान आणि ज्याच्या-त्याच्या कामाच्या, आवडीच्या क्षेत्रात येत असेल. इंजिनाचा बिघाड एकेक भाग बदलून शोधणारा मेकॅनिक लंबकासमोर गोंधळू शकतो. आपणही गोंधळतो. पाठ फसला की पुढच्या वेळी साहित्य, वेळ आणि गट तिन्ही बदलतो आणि म्हणतो, ‘साहित्यामुळे जमलं!’

नोंदवहीत काय लिहाल?

सराव पाठात तुम्हाला मुलाची नोंद लिहायला सांगतील. माझी जुनी नोंद होती, ‘पूर्वक्रियात्मक. अक्षय्यता नाही.’ आज मी ती अशी लिहीन : ‘वय ६. सहा-सहा चिंचोके. ओळ मी पसरली, प्रश्न दोनदा विचारला. उत्तर – लांब ओळीत जास्त. कारण विचारलं नाही. खेळताना मैत्रिणीला “पसरलेस म्हणून वाढले का” असं म्हणाली. पुन्हा पाहायचं.’

पहिल्या नोंदीने मुलीचं काय करायचं ते ठरवून टाकलं. दुसरी नोंद मला काय करायचं ते सांगते.

पुढच्या भागात येण्याआधी एक काम करा. पाच ते सात वर्षांच्या दोन मुलांबरोबर चिंचोक्यांचा प्रयोग करा, एकाला प्रश्न दोनदा विचारून, दुसऱ्याला एकदाच. दोघांनाही ‘का?’ विचारा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. दोन मुलांवरून कोणताही निष्कर्ष काढायचा नाही, एवढं मात्र पाळा. ती दोन मुलं मुळातच वेगळी असतात, म्हणजे लंबकाच्या भाषेत तुम्ही दोन गोष्टी एकदम बदललेल्या असतात. पण ‘का?’ची उत्तरं हाताशी असली की पुढच्या भागातला व्हायगॉट्स्की समजायला सोपा जाईल. ज्या मुलाला एकट्याने जमत नाही, त्याला कोणीतरी सोबत असताना किती जमतं, हे आपण तिथे पाहणार आहोत. भेटू.